ग्रुप फोटोतला 'घ्यायचा' फोटो कसा निवडायचा: कुणाचे डोळे मिटलेले, कुणी भलतीकडे बघतंय, कुणी फेट्यामागे

कार्य आटोपलं की कुणीतरी म्हणतं "अगं तू बघ ना जरा, त्यातला चांगला फोटो काढून दे फ्रेमसाठी", आणि मग दहा-बारा सारखेच दिसणारे फोटो आपल्या गळ्यात पडतात. ज्याच्या गळ्यात पहिल्यांदाच पडलेत त्याच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे प्रत्येक कार्यानंतर हे काम माझ्याकडे येतं, त्यामुळे माझी एक पद्धत बसलीय, तीच सांगते.

उदाहरण म्हणून एकच फोटोसेट धरू: आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा. गावच्या घराचं अंगण, २२ माणसं, तीन रांगा आणि त्यांच्या पुढ्यात पोरं. पुढे खुर्च्यांवर आजोबा-आजी आणि बाकीची वडीलधारी, खाली सतरंजीवर पोरं, मागे उभे लोक, आणि त्यांच्या मागे ओटीच्या पायरीवर उंच मंडळी. काका आणि दोन चुलतभाऊ फेटे बांधून. एकूण ११ फोटो, एकापाठोपाठ काढलेले, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर.

आणि मुख्य गोष्ट आत्ताच सांगून टाकते, बाकी सगळं तिच्यासाठीच आहे: सगळ्यात कमी चुका असलेला फोटो शोधायचा नसतो, ज्यातल्या चुका नंतर दुरुस्त होऊ शकतात तो शोधायचा असतो. मिटलेले डोळे शेजारच्या फोटोतून आणता येतात. फेट्यामागे गेलेला अर्धा चेहरा आणणं फार अवघड. त्यामुळे दोन चुकांचा फोटो तीन चुकांच्या फोटोपेक्षा वाईट ठरू शकतो, आणि आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं, ते आठव्या पायरीत येईल.

लागणारं साहित्य

- सगळ्या फोटोंच्या ओरिजिनल फाइल (व्हॉट्सअॅपवरून साध्या आलेल्या नाही)
- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप. मोबाइलवर होतं, पण डोकं उठतं
- फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघता येतील असं काहीतरी. विंडोजवर मी फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर वापरते, घरगुती वापराला फुकट आहे
- डोळे बदलायची वेळ आली तर गिंप, तेही फुकट
- वही आणि पेन, हसू नका, लागतं

१. आधी ओरिजिनल फाइल मिळवा

ग्रुपवर "सगळ्यांनी आपापले फोटो टाका" म्हटलं की लोक धडाधड टाकतात, पण व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो लहान करतं. साध्या क्वालिटीत लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. आता हिशोब करा, आमच्या मधल्या रांगेत नऊ माणसं होती, म्हणजे १६०० पिक्सेलमध्ये नऊ माणसं, कडेची जागा सोडून एकेकाला दीडशे-एक पिक्सेल, त्यातला चेहरा साठ आणि त्यातला एक डोळा दहा-बारा पिक्सेलचा. एवढ्याशा ठिपक्यावरून डोळा मिटलाय की हसताना बारीक झालाय हे कुणीच सांगू शकत नाही. तोच फोटो कॅमेऱ्यातून थेट घेतला तर ६००० पिक्सेल रुंद असतो, डोळा चाळीस पिक्सेलच्या वर जातो, बुबुळ स्पष्ट दिसतं.

म्हणून कार्डवरून थेट कॉपी करा, नाहीतर ड्राइव्हवर मागवा, आणि व्हॉट्सअॅपवरूनच पाठवायचं असेल तर अटॅचमेंटमध्ये Document निवडून पाठवायला सांगा, त्यात फाइल आहे तशी येते. काकांना हे फोनवर समजावायला वेळ लागतो, लागू दे.

आणि सगळ्या फाइलची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून द्या. इथून पुढे काहीही डिलीट करायचं नाही. अगदी भंगार वाटलेला फोटोसुद्धा नाही, कारण त्यातच कुणाचे तरी चांगले डोळे असतात.

२. फोटो जाणार कुठे ते ठरवा

हे लोक विचारतच नाहीत. स्टेटसला टाकायचा असेल तर मागच्या रांगेतल्या भाच्याचे मिटलेले डोळे कुणाला दिसणारसुद्धा नाहीत, तासभर घालवू नका. पण १२ बाय १८ इंचाची फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची असेल तर प्रत्येक चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा होतो, आणि लोक येता-जाता जवळ जाऊन बघतात, पुढची वीस वर्षं बघतात. आमचा फोटो फ्रेमसाठी होता म्हणून एवढा खटाटोप.

३. पहिली चाळणी: डोळे बघायचेच नाहीत

फोटो उघडला की आपली नजर आधी आपल्यावर जाते, मग आपल्या पोरांवर, आणि तिथेच निकाल लागतो. तर या पायरीत चेहऱ्यांकडे बघायचं नाही असं ठरवूनच बसा, फक्त तीन गोष्टी बघा.

एक, फोटो हललाय का. स्थिर वस्तूवर झूम करा, खांबाची कड, दाराची चौकट, रांगोळीची रेघ. ती धूसर असेल तर कॅमेरा हललाय आणि सगळा फोटो गेला. चौकट स्पष्ट पण एखाद्या पोराचा हातच धूसर असेल तर ते पोर हललंय, फोटो शाबूत आहे.

दोन, मागची रांग फोकसमध्ये आहे का. पुढच्या रांगेवर फोकस असतो आणि मागचे लोक मऊ-मऊ होतात, छोट्या स्क्रीनवर कळत नाही. पूर्ण १०० टक्के झूम करून मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी मिशा किंवा कानातलं बघा, केस सुटे-सुटे दिसायला हवेत. आणि डाव्या-उजव्या टोकाची माणसंही बघा, कडेला लेन्स जरा ढिली पडते.

तीन, कुणी कापलं गेलंय का, टोकाच्या माणसाचा खांदा, खाली बसलेल्यांचे पाय.

आमच्या ११ मधला पहिला फोटो लोक जागा शोधत असतानाचा, दुसरा हललेला, अकरावा लोक उठायला लागले तेव्हाचा. तिन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये. राहिले ८, म्हणजे ३ ते १०.

इथे एक आकडा सांगते, कारण "एवढे फोटो कशाला काढता" असं म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेतले पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी हाच हिशोब मांडला होता, त्याबद्दल त्यांना २००६ सालचं गणिताचं इग नोबेल मिळालं. फोटो काढून घेताना माणूस मिनिटाला साधारण दहा वेळा पापण्या मिटतो आणि एकेक मिटणं पाव सेकंदाचं, असं धरून त्यांनी सोपा नियम दिला: वीसच्या आत माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या आकड्याला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तेवढे फोटो काढा. म्हणजे पंधरा माणसं, दिवसा पाच फोटो. त्यात एक तरी फोटो असा मिळण्याची खात्री जवळजवळ पक्की, ज्यात कुणाचेच डोळे मिटलेले नाहीत. पण लक्षात घ्या, हा हिशोब फक्त पापण्यांचा आहे. भलतीकडे बघणारे आणि फेट्यामागचे त्यात धरलेले नाहीत, म्हणून मी त्याच्यावर चारपाच जास्तच काढायला सांगते.

४. वहीत तक्ता आखा

आता वही. डाव्या बाजूला माणसांची नावं खाली-खाली, वरती फोटोंचे नंबर. प्रत्येक माणूस घ्या आणि त्याच्याच आठ फोटोंमधून जा. एक फोटो घेऊन त्यातली २२ माणसं बघायची नाहीत, एक माणूस घेऊन त्याचे आठ चेहरे बघायचे. फरक मोठा आहे, कारण एकाच माणसाचे चेहरे लागोपाठ बघितले की त्याचा नेहमीचा चेहरा कसा आहे ते कळतं आणि बिघडलेला लगेच टोचतो.

फास्टस्टोनमध्ये चार फोटो सिलेक्ट करून C दाबलं की ते शेजारी-शेजारी येतात आणि एकात झूम केलं की चारही तिथेच झूम होतात. मोबाइलच्या बहुतेक गॅलरीत पुढच्या फोटोवर गेलं की झूम निघून जातं, म्हणून म्हटलं डोकं उठतं.

खुणा साध्या ठेवा: बरोबरची टिक, मिटलेल्याला "मि", दुसरीकडे बघणाऱ्याला "दु", लपलेल्याला "ल". एवढंच. दहापैकी किती मार्क वगैरे द्यायला जाऊ नका, रात्र होईल.

५. "मि" लिहायच्या आधी नीट बघा

मिटलेले वाटणारे सगळे डोळे मिटलेले नसतात. तीन प्रकार असतात आणि तिन्ही लांबून सारखेच दिसतात.

खरंच पापणी मिटली असेल तर वरची पापणी खाली आलेली असते, पापण्यांच्या केसांची रेघ खाली झुकलेली, आणि गाल-भुवया एकदम सैल, चेहऱ्यावर झोपल्यासारखा भाव. अर्धी मिटलेली तर पूर्ण मिटलेल्यापेक्षा वाईट दिसते, माणूस नशेत असल्यासारखा वाटतो, तिला बिनधास्त "मि" द्या.

मनापासून हसताना डोळे बारीक होतात ते खालून, गाल वर चढतात, खालची पापणी वर सरकते, डोळ्याच्या कडेला सुरकुत्या पडतात, पण मधल्या फटीतून बुबुळ दिसतं. ही चूक नाही, उलट हा चेहरा चांगला आहे. आमच्या आत्याआजी हसल्या की डोळे दिसतच नाहीत, आठही फोटोंत तसंच, म्हणजे तोच त्यांचा चेहरा. त्यांना मोठ्ठे डोळे करायला लावलेला फोटो कुणालाच ओळखू आला नसता.

आणि तिसरा प्रकार, नजर खाली. मांडीवरच्या पोराकडे बघणारी आई लांबून डोळे मिटलेली वाटते. झूम केल्यावर पापणीखाली बुबुळाची चकती दिसते. हे "मि" नाही, "दु" आहे.

चष्मेवाल्यांचं वेगळं. काचेवर आभाळाची चकाकी आली की डोळे उघडे असून दिसत नाहीत. त्याला मी "मि" मध्येच धरते, परिणाम तोच.

६. भलतीकडे बघणारे

इथे आधी एकेकट्याचा विचार न करता बुबुळांची दिशा बघा. एकाच बाजूचे चारपाच जण एकाच दिशेला बघत असतील तर तिथे कुणीतरी दुसरा मोबाइल घेऊन उभा आहे. आमच्या फोटो ३ मध्ये डावीकडचे सहा जण फोटोग्राफरच्या शेजारी उभ्या राहिलेल्या चुलतभावाच्या मोबाइलकडे बघताहेत. सगळे हसतात, डोळे उघडे, छोट्या स्क्रीनवर फोटो झकास, पण मोठा केला की वाटतं दोन वेगळे ग्रुप चिकटवलेत. असा फोटो सरळ बाजूला ठेवा, सहा जण दुरुस्त करत बसायला आपण स्टुडिओ उघडलेला नाही. (पुढच्या वेळी फोटो काढताना बाकीचे मोबाइल खाली ठेवायला लावा, "आधी हा कॅमेरा, मग तुमचे" असं मोठ्यांदा ओरडणारा एक माणूस नेमायचा.)

एकटादुकटा भलतीकडे बघत असेल तर तो कोण आणि कुठे बघतोय यावर आहे. दोन वर्षांचं पोर आभाळाकडे बघतंय, बघू दे. आजी नातवाकडे बघून हसतेय, ही चूक कोण म्हणेल. पण उत्सवमूर्तीच घड्याळात बघत असेल, जसं आमचे आजोबा फोटो १० मध्ये, तर तो फोटो गेला. मधल्या वयाचा माणूस मानच वळवून शेजारच्याशी बोलत असेल तर ती पक्की "दु". नुसती नजर हललीय आणि चेहरा समोर आहे तर मी टिकच्या शेजारी बारीक टिंब देते, लागलंच तर नंतर बघू.

७. लपलेले

ही सगळ्यात महत्त्वाची खूण आणि लोक हीच सोडून देतात, कारण लपलेला माणूस दिसतच नाही तर आठवणार कसा. म्हणून तक्त्यात नावं लिहिताना फोटो बघून लिहू नका, कार्याला कोण-कोण होतं ते आठवून लिहा.

माझा नियम असा: दोन्ही डोळे आणि तोंड दिसत असेल तर माणूस दिसतोय. हनुवटी पुढच्याच्या खांद्याआड गेली, कान पदराआड गेला, चालेल. एक डोळा गेला की "ल".

ग्रुप फोटोत लोक उभे असतात तिथेच असतात पण वजन या पायावरून त्या पायावर टाकतात, मान कलवतात, आणि त्यात डोकं चारपाच इंच इकडेतिकडे जातं. त्यामुळे एका फोटोत लपलेला माणूस पुढच्यात दिसू शकतो. मधल्या फोटोंत सगळे ताठ उभे असतात, तेव्हा जो लपलाय तो लपलेलाच राहतो. खूपदा तो शेवटच्या फोटोंत सापडतो, जेव्हा लोक जरा सैलावतात. आमची मावशी ओटीच्या पायरीवर, काकांच्या फेट्याच्या बरोब्बर मागे. ३, ४, ५, ६ मध्ये "ल", ७ मध्ये काकांनी मान जरा डावीकडे केली तर पूर्ण दिसली, ८ मध्ये परत "ल", ९ आणि १० मध्ये दिसतेय.

८. आता बेस फोटो ठरवा

तक्ता भरल्यावर खालून बेरीज करायचा मोह होतो. करा, पण तिच्यावर विसंबू नका.

आमच्याकडे असं निघालं. ३ गेला, सहा जण भलतीकडे. ४ मध्ये आजोबांचेच डोळे मिटलेले आणि मावशी लपलेली. ६ मध्ये मावशी लपलेली, वर एका पोराचा हलता हात दुसऱ्याच्या तोंडासमोर आलेला. ८ मध्ये एकाचे डोळे मिटलेले आणि मावशी परत फेट्यामागे. ९ मध्ये कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसून डोलले, चार जण "मि", दोन "दु", बाकी फोटो जिवंत आहे पण फ्रेमचा नाही. १० मध्ये आजोबा घड्याळात.

उरले ५ आणि ७.

फोटो ५ मध्ये एकाचेही डोळे मिटलेले नाहीत, म्हणूनच घरात सगळ्यांनी पहिल्या नजरेत हाच निवडला होता. चुका दोनच: मावशीचा अर्धा चेहरा फेट्यामागे, आणि आजोबा आजीकडे वळून काहीतरी बोलताहेत. फोटो ७ मध्ये चुका तीन: आत्याचे डोळे मिटलेले, जावयाचे मिटलेले, आणि एक छोटं पोर आभाळाकडे बघतंय. पण २२ च्या २२ चेहरे पूर्ण दिसताहेत आणि आजोबा-आजी दोघं समोर बघून प्रसन्न.

७ घेतला. का ते सांगते. ५ मध्ये मावशीला दाखवायचं तर फोटो ७ मधून फक्त मावशीचं डोकं आणून भागत नाही, तिच्या पुढे काकांचा फेटा आहे, तो बाजूला सरकवावा लागेल, म्हणजे काकांचं डोकंही ७ मधलंच आणायचं, मग काकांची मान आणि खांदा जुळत नाही कारण ५ मध्ये ते सरळ उभे आहेत, आणि फेट्याचा तुरा शेजारच्या वहिनीच्या चेहऱ्यापर्यंत जातोय. एका लपलेल्या माणसासाठी तीन माणसं हलवायची. शिवाय आजोबांचं डोकं बदलायचं, उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर काम करायला मी शक्यतो जात नाही, सगळ्यांची नजर तिथेच जाते. ७ मध्ये मात्र आत्या आणि जावई दोघांच्या पुढे कुणी नाही, चेहरा समोर आहे, फक्त डोळे हवेत. पोराला राहू दे आभाळाकडे.

तर क्रम असा लावा. आधी उत्सवमूर्ती आणि अगदी म्हातारी माणसं चांगली हवीत, कारण आपले अजून हजार फोटो निघतील, त्यांचे सांगता येत नाही. मग "ल" नको. मग मान वळवलेले "दु" कमीत कमी. आणि "मि" सगळ्यात शेवटी, तेही मागेपुढे दुसऱ्या फोटोत त्या माणसाचे चांगले डोळे असतील तरच, ते तक्त्यात त्याच्या आडव्या ओळीवर बोट फिरवलं की कळतं.

आणि काहीच दुरुस्त करायचं नसेल, गिंप वगैरे नको असेल, तरी क्रम हाच. फेट्यामागे गेलेली मावशी फ्रेम बघून दर वेळी म्हणेल "मी आहे हो त्यात", डोळे मिटलेला जावई हसून सोडून देईल.

९. डोळे बदलायचे असतील तर

दोन फोटो एकाच जागेवरून, एकाच उजेडात, काही सेकंदांच्या अंतराने काढलेले हवेत. तरच.

गिंपमध्ये बेस फोटो (आमचा ७) उघडा, मग `File > Open as Layers` ने दुसरा फोटो (जावयासाठी ८) उघडा, तो वरच्या लेयरवर येतो. वरच्या लेयरची Opacity ५० करा, जावयाच्या चेहऱ्यावर झूम करा आणि मूव्ह टूलने तो लेयर सरकवा, शेवटचे दोनचार पिक्सेल बाणाच्या बटणांनी. जुळवायचं ते नाक आणि कान, मागची भिंत नाही. हातातला कॅमेरा हललेला असतो आणि माणूसही, भिंत जुळवली तर चेहरा जुळत नाही.

जुळलं की Opacity परत १००, मग `Layer > Mask > Add Layer Mask` आणि त्यात Black (full transparency). वरचा लेयर अख्खा गायब होतो, घाबरू नका. आता मऊ कडेचा ब्रश, पांढरा रंग, आणि चेहऱ्यावर फिरवा, जिथे फिरवाल तिथे वरच्या फोटोतला चेहरा दिसायला लागतो. जास्त झालं तर काळ्या रंगाने पुसा.

किती भाग घ्यायचा यात लोक फसतात. नुसते दोन डोळे आणले तर खाली हसणारं तोंड आणि वर गंभीर डोळे असा प्रकार होतो. मान तशीच असेल तर भुवयांपासून गालापर्यंतचा पट्टा घ्या, जावयाचं तेवढ्यात झालं. मान वेगळ्या कोनात असेल तर पूर्ण डोकं घ्या आणि जोड अशा ठिकाणी लपवा जिथे तशीही रेघ असते, कॉलर, केसांची कड, पदराचा काठ. आत्याचं तसंच करावं लागलं: ८ मध्ये तिच्या चष्म्यावर चकाकी, ६ मध्ये डोळे स्वच्छ पण मान कललेली, मग ६ मधलं अख्खं डोकं गळ्यापर्यंत. चष्मा कधीही अर्धा घ्यायचा नाही, पूर्ण फ्रेम घ्या, नाहीतर काडी तुटलेली दिसते.

मधेच ढग आला असेल तर आणलेला चेहरा जरा काळपट किंवा उजळ दिसतो. `Colors > Brightness-Contrast` ने जुळवा, पण त्याआधी लेयरच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, मास्कवर क्लिक राहिलं तर मास्कच बदलतो आणि काय बिघडलं तेच कळत नाही.

झाल्यावर १०० टक्के झूमवर प्रत्येक बदललेल्या माणसाचे कान, कानातलं आणि मंगळसूत्र मोजा. दोन-दोन डूल हा हमखास घोटाळा आहे. मग `.xcf` म्हणून सेव्ह करा, आणि `File > Export As` ने वेगळ्या नावाने `.jpg` काढा, ओरिजिनलवर सेव्ह करायचं नाही.

घरच्या फ्रेमपुरतं हे ठीक. फोटो स्पर्धेला किंवा वर्तमानपत्राला द्यायचा असेल तर चेहरे बदललेला देऊ नका, तिथे ते चालत नाही.

१०. घरच्यांना विचारायचं कसं

अकराच्या अकरा फोटो ग्रुपवर टाकून "कुठला घ्यायचा?" विचारू नका. २२ माणसं ११ उत्तरं देतील, प्रत्येकाला स्वतः जिथे चांगलं दिसतं तो फोटो आवडतो, आणि आठवड्याने कुणीतरी बारावा फोटो टाकेल. ठरवलेला एकच टाका, तो मोठा करून बघता येईल असा, आणि प्रश्न एवढाच विचारा: "यात कुणी दिसत नाहीये का?" आवडला का असं विचारायचं नाही. ज्यांचे डोळे बदललेत त्यांना मात्र आधी वेगळा पाठवा आणि सांगून टाका, आत्याला आवडलं नसतं तर तिचा मिटलेल्या डोळ्यांचाच ठेवला असता, तिचा चेहरा आहे.

११. प्रिंटला देताना

सगळी मेहनत इथे पाण्यात जाऊ शकते. कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक ३:२ मापाचा असतो, तो १२ बाय १८ च्या कागदावर तंतोतंत बसतो. पण तोच ८ बाय १० वर छापायला दिलात तर पूर्ण कागद भरण्यासाठी रुंदी कापली जाते, ८ इंच उंचीला १२ इंच रुंदी हवी आणि कागद १० इंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक इंच गेला आणि टोकाची दोन माणसं त्याबरोबर गेली. मोबाइलचा फोटो बहुतेक ४:३ असतो, तो १२ बाय १८ वर दिला तर उलट होतं, १८ इंच रुंदीला साडेतेरा इंच उंची लागते आणि कागद १२, म्हणजे वर-खाली मिळून दीड इंच कमी, मागच्या रांगेचे फेटे नाहीतर पुढच्या पोरांचे पाय.

म्हणून लॅबवाल्याला आधी माप विचारा, त्याच मापात स्वतः क्रॉप करून बघा, आणि बसत नसेल तर "कापू नका, पांढरी बॉर्डर सोडून छापा" असं सांगा, शक्यतो पाकिटावर लिहूनच द्या. मोठी प्रिंट काढायच्या आधी त्याच फाइलची एक ४ बाय ६ काढून घ्या, स्वस्तात होते, ३:२ चीच असल्यामुळे काही कापलं जात नाही, आणि बदललेल्या चेहऱ्याचा रंग शेजारच्यांपेक्षा वेगळा दिसतोय का ते कागदावरच नीट कळतं. बघताना खिडकीच्या उजेडात बघा, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच गोरेगोमटे दिसतात.